पडद्यावरचा झेंडा फडकतो तेव्हा

ध्वजस्तंभावर फडकणारा तिरंगा दाखवायचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पंधरा सेकंदांच्या दृश्याला ३६० फ्रेम लागतात. चालणारा माणूस असता तर ॲनिमेशन करणाऱ्याने तो हाताने हलवला असता. पाय इथे, हात तिथे, अशा मोजक्या जागा ठरवल्या की मधल्या फ्रेम संगणक भरून काढतो. झेंड्याला हा मार्ग चालत नाही. त्याच्या कापडावर एकाच वेळी कितीतरी सळ धावत असतात. काठीजवळ उठलेला सळ मोकळ्या टोकापर्यंत जातो, तिथे फटकारा मारतो, तोवर मागे दुसरा उठलेला असतो. हे हाताने रेखाटत बसलो तर महिना जाईल आणि तरीही कापड खोटे वाटेल. म्हणून कापडाचे नियम संगणकाला सांगायचे आणि हालचाल त्याच्याकडून मोजून घ्यायची. यालाच कापडाचे सिम्युलेशन म्हणतात.

ब्लेंडर या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००८ पासून आहे. ज्या लॅटव्हियन ‘फ्लो’ चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तो याच सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला. घरच्या संगणकावर शिकणाऱ्या कोणालाही ते उतरवून घेता येते. झेंडा किंवा पाठीवर रुळणारी केप हा बहुतेकांचा कापडाशी पहिला सामना असतो, आणि बहुतेकांचे पहिले कापड एकतर रबरासारखे लोंबते, नाहीतर दोन-तीन फ्रेममध्ये फुटून पडद्याबाहेर उडून जाते. असे का होते हे एकदा नीट समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आत काय चालते ते आधी पाहू. ब्लेंडरसाठी कापड म्हणजे बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूला वजन आहे आणि शेजारच्या बिंदूंशी तो अदृश्य स्प्रिंगांनी जोडलेला आहे. काही स्प्रिंगा ताण अडवतात, काही दबणे अडवतात, काही चौकोन तिरका होऊ देत नाहीत, काही वाकण्याला विरोध करतात. एखादा बिंदू या क्षणी कुठे आहे आणि किती वेगाने चालला आहे हे माहीत असेल, तर त्याच्यावरचा ताण, वारा आणि गुरुत्वाकर्षण यांची बेरीज करून पुढच्या क्षणी तो कुठे जाईल हे काढता येते. मग त्यावरून त्याच्या पुढचा क्षण. म्हणजे दोनशेवी फ्रेम हवी असेल तर आधीच्या १९९ मोजाव्याच लागतात. मध्येच उडी मारून थेट तिथे जाण्याचा रस्ता नाही. कापड स्थिर ठेवण्याची सगळी धडपड आणि निकाल साठवून ठेवण्याची सगळी शिस्त या एकाच गोष्टीतून येते.

आकार, जाळी आणि वजन

आपला तिरंगा १.८ मीटर लांब आणि १.२ मीटर उंच घेऊ. राष्ट्रध्वज संहितेतल्या प्रमाणित आकारांपैकी हा एक, लांबी-उंचीचे प्रमाण ३:२. ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, म्हणून झेंडा खरोखर याच मापाचा बांधायचा. अनेकजण सोयीसाठी सगळे दहापट मोठे बांधतात आणि मग कापड संथ का हलते याचे कोडे सोडवत बसतात. गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते, पण कापडाला कापायचे अंतर दहापट होते, त्यामुळे हालचालीला साधारण तिप्पट वेळ लागतो. बघणाऱ्याच्या डोळ्याला हे लगेच कळते. झेंडा अठरा मीटरचा वाटू लागतो.

`Grid` घेऊन तो लांबीला ६० आणि उंचीला ४० घरांचा करायचा. हवे ते माप देऊन झाले की `Ctrl+A` दाबून `Scale` पक्के करायचे. हे राहिले तर वस्तू दिसते एका मापाची आणि तिच्यावर मोजणी होते दुसऱ्याच मापाने. आता प्रत्येक घर ३ सेंटिमीटरचे झाले आणि बिंदू झाले ६१ गुणिले ४१, म्हणजे २५०१. चौकोनी, सारख्या आकाराची घरे महत्त्वाची आहेत, कारण सळ घरांच्या कडांवरच मोडतो. एखादे घर लांबट आणि शेजारचे आखूड असेल तर कापड तिथे वेगळ्याच रीतीने दुमडते.

आता वजन. `Physics` टॅबमध्ये `Cloth` सुरू केले की `Vertex Mass` या नावाने ०.३ किलो हा आकडा समोर येतो. नवशिक्याला वाटते की हे कापडाचे वजन. ते एका बिंदूचे वजन आहे. २५०१ बिंदू म्हणजे आपला झेंडा, प्रोग्रामच्या हिशेबाने, साडेसातशे किलोंचा झाला. खरा झेंडा अर्ध्या किलोहूनही हलका असतो. म्हणूनच ब्लेंडरमध्ये झेंडा उडवायला वाऱ्याची ताकद शेकड्यांत द्यावी लागते. हे आकडे वास्तवातल्या वजनकाट्याशी जुळणारे नाहीत आणि तसे जुळवायला जाऊही नये. त्यांचे एकमेकांशी प्रमाण तेवढे पाहायचे.

या प्रमाणातच एक सापळा आहे. कापड अजून तलम दिसावे म्हणून जाळी दुप्पट बारीक केली, लांबीला १२० आणि उंचीला ८० घरे, तर बिंदू होतात ९८०१, म्हणजे जवळजवळ चौपट. प्रत्येक बिंदूचे वजन तेच राहिले, म्हणून झेंडा चौपट जड झाला. वारा मात्र क्षेत्रफळावर लागतो आणि क्षेत्रफळ बदललेले नाही. काल सुरेख फडकणारा झेंडा आज त्याच वाऱ्यात ओल्या चादरीसारखा लोंबतो, आणि माणूस वाऱ्याच्या आकड्यांत चूक शोधत बसतो. जाळी चौपट केली तर बिंदूचे वजन एक चतुर्थांश करायचे, हा त्यावरचा सरळ उपाय. पण माझे मत असे की जाळी बारीक करण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. सिम्युलेशन जाड जाळीवर करावे आणि मॉडिफायरच्या यादीत `Cloth`च्या खाली `Subdivision Surface` लावावा. मोजणी २५०१ बिंदूंवरच होते आणि दिसायला कापड गुळगुळीत होते. त्याखाली `Solidify` लावला की कापडाला जाडीही येते.

काठीकडची कड बांधण्यासाठी त्या कडेचे ४१ बिंदू निवडून त्यांचा एक `Vertex Group` करायचा, त्यांना १ हे वजन द्यायचे आणि `Cloth`च्या `Shape` भागात `Pin Group` म्हणून तो गट निवडायचा. पिन केलेले बिंदू सिम्युलेशनला दाद देत नाहीत, ते काठीबरोबर राहतात. फक्त वरचा आणि खालचा कोपरा पिन करून पाहिले तर मधली कड पिशवीसारखी फुगते. खऱ्या तिरंग्याच्या त्या कडेला दोरीसाठी शिवलेली पट्टी असते आणि दोरी ती कड ताणून धरते, म्हणून पूर्ण कड पिन करणेच वास्तवाला धरून आहे.

वारा

`Wind` हे बलक्षेत्र दृश्यात आणले की एक बाण दिसतो. तो ज्या दिशेला, त्या दिशेला वारा. बाण झेंड्याच्या लांबीशी अगदी समांतर ठेवला तर सपाट झेंड्यावर वारा जवळजवळ काहीच करत नाही, कारण ब्लेंडर कापडावर लागणारे वाऱ्याचे बल पृष्ठभागाला लंब असलेल्या भागापुरतेच मोजतो. म्हणून वारा दहा-पंधरा अंश तिरका ठेवायचा. ताकद २००–३०० पासून सुरू करून झेंडा किती उचलला जातो ते पाहायचे.

आणि इथे एक निराशा वाट्याला येते. वारा स्थिर असेल तर झेंडा सुरुवातीला थोडा हलतो आणि मग एका बाजूला ताणून जवळजवळ गोठतो. बाहेर मैदानात तर एकसारख्या वाऱ्यातही झेंडा फडफडत राहतो. या फरकाचे कारण हवेत आहे. खरा झेंडा आणि त्याभोवतीची हवा एकमेकांना सतत बदलत असतात. कापड थोडे वळले की हवा एका बाजूने वेगाने जाते, दोन बाजूंचा दाब वेगळा होतो, त्याने कापड आणखी वळते, शेवटी मोकळ्या टोकापासून भोवरे सुटतात. २००० साली न्यूयॉर्कमधल्या जुन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साबणाच्या पाण्याच्या वाहत्या पातळ पडद्यात एक धागा सोडून हे उघड्या डोळ्यांना दिसेल असे करून दाखवले. त्याच प्रवाहात धागा सरळ ताठही राहू शकतो आणि एकदा हलवला की लयीत फडफडतही राहतो, असे त्यांना आढळले. ‘नेचर’मध्ये ते काम प्रसिद्ध झाले.

ब्लेंडरच्या वाऱ्यात ही देवाणघेवाण नाही. वारा कापडाला ढकलतो, पण कापड वाऱ्याला वळवत नाही. भोवरे जन्मालाच येत नाहीत. म्हणून फडफडीचा उगम आपल्याला वेगळा पुरवावा लागतो. `Wind`मधला `Noise` थोडा वाढवायचा आणि त्याच्या जोडीला `Turbulence` हे दुसरे बलक्षेत्र ठेवायचे. त्याचा `Size` झेंड्याच्या लांबीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवला तर सळ योग्य आकाराचे उठतात. फारच लहान ठेवला तर झेंडा शहारल्यासारखा थरथरतो, फार मोठा ठेवला तर सगळा एकत्रच इकडून तिकडे हेलकावतो. वाऱ्याच्या ताकदीला स्वतःला चढउतार देणे मला सर्वांत गुणकारी वाटते. तीन-चार सेकंदांत एक झोत येतो, ओसरतो, झेंडा थोडा खाली येतो, पुन्हा उचलला जातो. बघणाऱ्याला वारा दिसत नाही, त्याला तो या उतरण्या-उचलण्यातूनच कळतो.

स्थिरता कशातून येते

आता मूळ प्रश्न. कापड फुटते का? दोन बिंदूंमधली एखादी स्प्रिंग खूप ताठ असेल आणि आपण वेळेची पावले मोठी टाकत असू, तर ताणलेली स्प्रिंग बिंदूला इतक्या जोरात मागे ओढते की तो आपली जागा ओलांडून पलीकडे जातो. पुढच्या पावलात तो उलट बाजूने आणखी जोरात ओढला जातो आणि आणखी लांब जातो. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलातली चूक वाढवते. काही पावलांत आकडे इतके मोठे होतात की पडद्यावर कापडाऐवजी काटेरी गोळा दिसतो.

१९९८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड बॅरॅफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला, आणि संगणकावरच्या कापडाची वाट त्याने बदलली. पावलाच्या सुरुवातीला जे बल आहे त्यावर पुढची जागा ठरवण्याऐवजी, पावलाच्या शेवटी जे बल असेल त्याच्याशी सुसंगत अशी जागा समीकरणे सोडवून काढायची, ही त्यातली पद्धत. त्यामुळे ताठ कापडालाही मोठी पावले झेपतात. ब्लेंडरचे कापड याच जातीच्या पद्धतीवर उभे आहे. म्हणून साधा झेंडा त्यात सहसा फुटत नाही. पण ही स्थिरता फुकट मिळत नाही. पाऊल जितके मोठे, तितकी ही पद्धत हालचालीतली ऊर्जा खाते. कापड शांत होते, पण मरगळतेही.

एका फ्रेममध्ये किती पावले टाकायची हे `Quality Steps` ठरवते. मूळ आकडा ५ असतो. तो वाढवला की वेळ जास्त लागतो हे सगळ्यांना माहीत असते. कापडाचे वागणे बदलते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. तेच वजन, तोच वारा, तोच ताठरपणा, पण ५ च्या जागी १२ पावले दिली की झेंडा जास्त चपळ होतो, सळ अधिक तीक्ष्ण होतात आणि कापड कमी ताणले जाते. म्हणून पाच पावलांवर आठवडाभर आकडे जुळवायचे आणि अखेरच्या कामाला पंधरा करायचे, हा क्रम उलटा आहे. पावले आधी ठरवावीत, तिरंग्यासाठी १० पासून, आणि मग त्यांना हात लावू नये. बाकीचे सगळे आकडे त्या पायावर बसवावेत.

त्यानंतर ताठरपणा. `Cotton` हा तयार पर्याय निवडला तर ताणाचा ताठरपणा १५ आणि वाकण्याचा ०.५ मिळतो. एवढ्यावर आपला जड हिशेबाचा झेंडा पिनेजवळ ताणला जातो, विशेषतः काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात, कारण सगळ्या कापडाचा भार तिथे येतो. तिरंग्यात हे ओळखायला एक सुंदर माप आधीच आहे. या आकाराच्या ध्वजावर अशोकचक्र ३७० मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे आपल्या जाळीत साधारण बारा घरे. झेंडा बराचसा कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल अशी फ्रेम पाहायची. चक्र लांबट झालेले दिसले तर कापड ताणले जात आहे. चोवीस आऱ्यांमधली अंतरे बिघडलेली डोळ्याला चटकन टोचतात. मग `Tension` आणि `Compression` एकत्रच ३०, मग ४० असे वाढवत जायचे आणि चक्र पुन्हा गोल दिसू लागले की थांबायचे. त्यापुढे वाढवत राहण्याने काही मिळत नाही, पुन्हा पावले कमी पडू लागतात आणि कोपरे थरथरू लागतात.

वाकण्याचा ताठरपणा कापडाची जात सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलून पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या तिरंग्याला परवानगी मिळाली, तेव्हापासून रस्त्यावर खादीचा आणि पॉलिस्टरचा असे दोन्ही झेंडे आपण पाहतो, आणि ते एकसारखे फडकत नाहीत. खादी भरदार असते, तिच्यावर मोठे, गोलसर, सावकाश फिरणारे सळ येतात. तिच्यासाठी `Bending` १ ते २ पर्यंत नेता येईल. पातळ पॉलिस्टरला पुष्कळ बारीक चुण्या पडतात आणि तो टोकाला फडफड आवाज करतो. त्याला ०.१ किंवा त्याहूनही कमी पुरे, बिंदूचे वजनही निम्मे करावे. दृश्यात कुठला झेंडा आहे हे ठरवल्याशिवाय हा आकडा ठरवता येत नाही.

झेंडा स्वतःवरच दुमडून स्वतःतून आरपार जात असेल तर `Self Collisions` सुरू करावे लागते, आणि त्याने मोजणीचा वेळ बराच वाढतो. त्यातले `Distance` मुळात दीड सेंटिमीटर असते. आपले घर ३ सेंटिमीटरचे आहे, म्हणून ते चालते. जाळी दुप्पट बारीक केली की घर दीड सेंटिमीटरचे होते, मग शेजारचेच बिंदू ‘फार जवळ आले’ असे प्रोग्रामला वाटू लागते, तो त्यांना दूर ढकलतो, स्प्रिंगा त्यांना परत ओढतात, आणि वारा बंद असतानाही कापड कुरकुरत राहते. वाऱ्याविना थरथरणारे कापड दिसले की मी आधी हे अंतर पाहते. ते घराच्या निम्म्यावर किंवा त्याच्या खाली असले पाहिजे.

मोजलेले साठवणे

पहिल्या फ्रेममध्ये झेंडा पत्र्यासारखा सपाट असतो. तो कोसळून, वाऱ्यात सापडून, स्वतःची लय पकडायला तीन-चार सेकंद घेतो. तो भाग प्रेक्षकाला दाखवायचा नसतो. म्हणून सिम्युलेशन फ्रेम १ पासून चालवावे आणि दृश्य १०१ पासून घ्यावे. आपले पंधरा सेकंद म्हणजे १०१ ते ४६०. इथे `Cache` भागातला `End` आकडा आठवणीने ४६० करावा लागतो. मुळात तो २५० असतो, आणि तसाच राहिला तर २५० व्या फ्रेमनंतर झेंडा हवेतच पुतळ्यासारखा थांबतो.

नुसते प्ले दाबले तरी ब्लेंडर मोजलेल्या फ्रेम स्मरणात ठेवत जातो. ही साठवण कच्ची असते. एखादा आकडा बदलला, वारा थोडा हलवला, की ती रद्द होते आणि पहिल्यापासून मोजावे लागते. प्लेबॅकची पद्धत `Play Every Frame` असलीच पाहिजे. ‘फ्रेम सोडून वेळ गाठा’ अशी दुसरी पद्धत निवडलेली असेल तर मधल्या फ्रेम गळतात, आणि ज्या फ्रेमला आधीची फ्रेमच मिळालेली नाही तिचा निकाल विश्वासाचा नसतो. सगळे मनासारखे झाले की `Bake` दाबायचे. आता साठवण पक्की होते, सिम्युलेशनचे आकडे राखाडी होऊन कुलूपबंद होतात, आणि कुठल्याही फ्रेमवर, पुढे किंवा मागे, थेट उडी मारता येते. जी उडी सिम्युलेशनला जमत नव्हती ती साठवणीला जमते. बदल करायचा असेल तर `Delete Bake` करून पुन्हा मोजणे आले.

प्रत्येक फ्रेममध्ये काय साठते तेही जाणून घेण्यासारखे आहे. प्रत्येक बिंदूची जागा, त्याचा वेग, आणि पिनेशी संबंधित एक जागा. तिन्ही मिळून ३६ बाइट. २५०१ बिंदूंना एका फ्रेममागे सुमारे ९० किलोबाइट लागतात, आणि ४६० फ्रेमना चाळीस-एक मेगाबाइट. नुसती जागा साठवून भागत नाही, कारण वेगाविना पुढची फ्रेम मोजता येत नाही. वेगही साठवलेला असल्यामुळे मध्येच थांबलेले सिम्युलेशन तिथूनच पुढे नेता येते.

रेंडर लांबलचक असेल किंवा दुसऱ्या यंत्रावर करायचा असेल तर `Disk Cache` वर खूण करावी. त्यासाठी `.blend` फाइल आधी जतन केलेली हवी. तिच्या शेजारी `blendcache_` ने सुरू होणारे, पुढे फाइलचेच नाव असलेले फोल्डर तयार होते आणि त्यात `.bphys` फाइली जमा होतात. फाइल दुसरीकडे नेताना हे फोल्डर बरोबर न्यावे लागते, आणि नंतर फाइलचे नाव बदलले तर फोल्डरशी तिचा मेळ राहत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारा घोटाळा मात्र वेगळाच आहे. पडद्यावर झेंडा नीट फडकतो, रेंडरमध्ये मात्र सपाट किंवा वेडावाकडा येतो. अशा वेळी मॉडिफायरची यादी उघडून पाहावी. `Subdivision Surface` हा `Cloth`च्या वर बसलेला असतो, आणि त्यात पडद्यासाठी १ व रेंडरसाठी २ अशी पातळी दिलेली असते. साठवणीतले बिंदू क्रमांकाने ओळखले जातात. रेंडरच्या वेळी बिंदूंची संख्याच बदलली तर साठवलेले काहीच लागू पडत नाही. तो मॉडिफायर `Cloth`च्या खाली ओढला की प्रश्न संपतो. याच कारणाने बेक केल्यावर जाळीत एकही बिंदू वाढवू किंवा कमी करू नये.

झेंडा एकदा पक्का झाला की तो अलेम्बिक या प्रकारच्या `.abc` फाइलमध्ये बाहेर काढून परत आणता येतो. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि लुकासफिल्म यांनी मिळून हा प्रकार विकसित केला, आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हलते आकार नेण्यासाठी तो सर्रास वापरला जातो. परत आलेल्या झेंड्यात स्प्रिंगा नसतात, वारा नसतो, प्रत्येक फ्रेमचा तयार आकार तेवढा असतो. तो कोणत्याही यंत्रावर तसाच दिसतो. एका मैदानात वीस झेंडे हवे असतील तर हीच फाइल वीसदा वापरून प्रत्येकाची सुरुवात काही फ्रेम मागेपुढे करायची, वीस सिम्युलेशनांची गरज पडत नाही.

केपची वेगळी अडचण

केपला झेंड्याचे सगळे नियम लागू आहेत, पण तिच्याखाली एक हलणारे शरीर आहे. गळ्याशी पिन केलेले बिंदू शरीराबरोबर जावेत म्हणून हाडांच्या सांगाड्याचा `Armature` मॉडिफायर `Cloth`च्या वर ठेवायचा. शरीराला `Collision` लावायचे, पण बोटे-नाक-कान असलेल्या मूळ शरीराला नाही. त्याच मापाचे, कमी बिंदूंचे, साधे, चारी बाजूंनी बंद असे दुसरे शरीर करून ते रेंडरमध्ये लपवायचे आणि टक्कर त्याच्याशी घडवायची.

आरपार जाण्याचा हिशेब कागदावर करता येतो. तलवार फिरवणारा हात सेकंदाला दहा मीटर वेगाने जातो असे धरू. एका फ्रेममध्ये तो जवळजवळ ४२ सेंटिमीटर जातो. पाच पावले दिली तर एका पावलात आठ सेंटिमीटरहून जास्त. मनगटाची जाडी सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे एका पावलात मनगट केपच्या अलीकडे आणि पुढच्या पावलात पूर्ण पलीकडे, टक्कर झाल्याचे प्रोग्रामला कळणारही नाही. पंधरा पावले दिली की एका पावलात तीन सेंटिमीटरहून कमी अंतर कापले जाते आणि हात कापडात सापडतो. केपसाठी पावलांचा आकडा असा, दृश्यातल्या सर्वांत वेगवान अवयवाकडे बघून ठरवावा.

शरीराची `Thickness Outer` आणि कापडाचे `Distance` मिळून केप अंगापासून काही अंतरावर तरंगते. मूळ आकड्यांवर ते साडेतीन सेंटिमीटर होते आणि खांद्यावर ते उघड दिसते. दोन्ही एकेक सेंटिमीटरच्या खाली आणावेत, पण ते जितके कमी कराल तितकी पावले जास्त लागतील.

सुरुवात हळू करणे इथे झेंड्यापेक्षाही गरजेचे आहे. पात्र फ्रेम १ वर हात पसरून उभे आणि फ्रेम २ वर पळण्याच्या पवित्र्यात असेल तर केपला शरीर अंगातून गेलेले दिसते आणि ती आतच अडकते. पहिल्या ३० फ्रेममध्ये पात्र सावकाश पहिल्या पवित्र्यात यावे, पुढच्या ३० मध्ये स्तब्ध उभे राहावे, केप अंगावर नीट बसावी, आणि मग खरी हालचाल सुरू व्हावी.

एक बिघाड मात्र आकड्यांनी सुटत नाही. दंड छातीला चिकटला आणि केपचा भाग काखेत सापडला, त्यातही दोन्ही शरीरभाग एकमेकांत थोडे घुसलेले असले, तर कापडाला राहायला जागाच उरत नाही. एक बाजू त्याला पुढे ढकलते, दुसरी मागे. मग एका फ्रेममध्ये केप आचके देते किंवा फुटते. कुठल्या फ्रेमला हे होते ते शोधून तिथे पात्राचा हात अंगापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर करावा लागतो, किंवा टक्करीच्या साध्या शरीरातून तो हात त्या काखेपुरता बारीक करावा लागतो. आणि बेक झाल्यावर एखाद-दोन फ्रेममध्ये पाठ केपमधून किंचित बाहेर डोकावत असेल, तर पुन्हा मोजणी न करता खऱ्या शरीराचा केपखाली कायम झाकलेला भाग `Mask` मॉडिफायरने लपवून टाकावा. तो कॅमेऱ्याला कधी दिसणारच नव्हता.